तज्ज्ञानं दोषी ठरवायचं नसतं

काही दिवसांपूर्वी पुनर्विकासातल्या वादांवरच्या एका परिसंवादाला गेलो होतो. सोसायट्यांची बाजू वर्षानुवर्षं लढवणारे एक गृहस्थ बोलायला उठले. त्यांच्या प्रकरणात लवादानं तटस्थ तज्ज्ञ नेमला होता, दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी फी भरली होती, आणि त्या तज्ज्ञानं एका ओलीबद्दल लिहिलं होतं, ‘उपलब्ध पुराव्यावरून कारण निश्चित सांगता येत नाही.’ ते म्हणाले, “एवढं तर आमचा वॉचमनही फुकटात सांगतो.” सभागृह हसलं. त्यांच्यानंतर एक स्ट्रक्चरल कन्सल्टंट उठले. त्यांचं म्हणणं असं की तटस्थ तज्ज्ञ ही कविकल्पना आहे. जो फी देतो त्याची बाजू मांडायची, वकिलाला त्याची लाज वाटत नाही तर इंजिनिअरनं कशाला वाटून घ्यायची? सभागृह पुन्हा हसलं. पुढचा तासभर या दोघांत जोरदार जुंपली, आणि मला मात्र राहून राहून वाटत होतं की हे दोघं भांडतायत कशावरून? अहवाल कोणाला तरी जिंकवण्यासाठी असतो, हे दोघांनाही मान्यच होतं. एकाची तक्रार होती की त्याला जिंकवलं नाही, आणि दुसरा जिंकवण्याचा दर सांगत होता.

मी स्वतः बांधकामातल्या दोषांवर असे अहवाल लिहितो. कधी एका बाजूनं नेमलेला तज्ज्ञ म्हणून, कधी लवादानं नेमलेला म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकतो. तज्ज्ञानं दोष शोधावा, त्याची व्याप्ती मोजावी, कारण पुराव्यानं जिथपर्यंत नेता येतं तिथपर्यंत न्यावं, आणि तिथे थांबावं. दोषी कोण हे लिहू नये. जिथे पुरावा संपतो तिथे ‘सांगता येत नाही’ असं लिहावं. पण का सांगता येत नाही आणि काय केलं तर सांगता येईल, हेही त्याच पानावर लिहावं. हा दुसरा भाग ज्यानं गाळला त्याच्याबद्दलची वॉचमनची कोटी मला मान्य आहे.

मुळात साक्षीदाराला मत द्यायची परवानगी का मिळाली, हे इथे आठवायला हवं. इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या बंदराचा खटला १७८२ सालचा. एका जमीनमालकानं बांध घातला, बंदर गाळानं भरलं, आणि गाळ बांधामुळे आला का, यावर वाद पेटला. जमीनमालकाच्या बाजूनं जॉन स्मीटन आला. स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. हरकत अशी निघाली की साक्षीदारानं पाहिलेलं सांगावं, मत कसलं देतोस? लॉर्ड मॅन्सफिल्डनं ती फेटाळली, कारण भरती-ओहोटीनं गाळ कसा साचतो याचा निष्कर्ष ज्याला ते शास्त्र कळतं तोच काढू शकतो. म्हणजे ही एक सवलत आहे आणि तिला हद्द आहे. जो निष्कर्ष काढायला इंजिनिअर लागतो, तेवढ्यापुरतीच ती आहे. करारातलं कलम काय म्हणतं, तोंडी परवानगी दिली होती का, निष्काळजीपणा कशाला म्हणायचं, यासाठी इंजिनिअर लागत नाही. त्या गोष्टींवर माझं मत परिसंवादातल्या चहावाल्याइतकंच मोलाचं आहे. आपल्या १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम २६मध्येही लवाद तज्ज्ञाला ‘विशिष्ट मुद्द्यांवर’ अहवाल द्यायला नेमतो. निकाल त्याच्याकडे सोपवत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक प्रकरण उघडून पाहू. लवादातलं कामकाज गोपनीय असतं, २०१९च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यानंच. म्हणून ओळख पटेल असं सगळं बदललं आहे; आकड्यांचं आपसातलं नातं तेवढं तसंच ठेवलं आहे. उपनगरातली पुनर्विकसित इमारत, खाली स्टिल्ट आणि वर सात मजले, २८ घरं. ताबा मिळून तीन पावसाळे झालेले. सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटरचा अहवाल म्हणत होता, ‘अत्यंत निकृष्ट दर्जाचं काँक्रीट, विकासकानं एम-३०च्या जागी एम-२० वापरून रहिवाशांची उघड फसवणूक केली आहे.’ विकासकाच्या तज्ज्ञाचा अहवाल म्हणत होता, ‘किरकोळ, नैसर्गिक स्वरूपाच्या भेगा, गळती सदस्यांनी केलेल्या तोडफोडीमुळे.’ लवादानं मला तिसरा म्हणून नेमलं.

काँक्रीटपासून सुरुवात केली. एम-२०, एम-३० या काँक्रीटच्या ताकदीच्या प्रती; आकडा जेवढा मोठा तेवढं काँक्रीट बळकट. मग एम-२० हा आकडा आला कुठून? रिबाउंड हॅमरमधून. हा हातोडा पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतो. त्या अंदाजात पंचवीस टक्के इकडे किंवा तिकडे चूक धरावी, असं खुद्द भारतीय मानकच सांगतं. पृष्ठभाग ओला असेल तर आकडा खाली जातो, कार्बोनेशननं कडक झाला असेल तर वर जातो. कुठे नीट पाहायचं हे ठरवायला हातोडा उत्तम आहे, पण त्यावरून ‘फसवणूक’ लिहिणं म्हणजे कपाळाला हात लावून विषमज्वराचं निदान करण्यासारखं आहे. आम्ही स्टिल्टमधल्या तीन कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढले. आधी यंत्रानं सळ्या कुठे आहेत ते शोधून खडूनं आखलं आणि मधल्या मोकळ्या जागेत ड्रिल लावला. प्रयोगशाळेतून आलेली समतुल्य क्यूब ताकद, म्हणजे साच्यात ओतलेल्या घनाकार नमुन्याच्या हिशेबात बसवलेली ताकद, होती २७.४, २४.१ आणि २५.९. सरासरी २५.८.

आता गंमत पाहा. आकडे हातात पडताच सोसायटीकडून निरोप आला, ‘तिन्ही तिसाच्या खाली! आम्ही काय म्हणत होतो?’ काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ मात्र कोअरसाठी वेगळी कसोटी सांगतं. किमान तीन कोअर, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या निदान ८५ टक्के, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम-३०ला ८५ टक्के म्हणजे २५.५ आणि ७५ टक्के म्हणजे २२.५. ही सूट मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. साच्यात ओतलेला क्यूब नीट ठोकलेला आणि पाण्यात मुरलेला असतो. कॉलममधलं काँक्रीट तसं नसतं, शिवाय ड्रिलनं कोअरला थोडी इजाही होते. म्हणजे हे तीन कोअर पास झाले, जेमतेम का होईना. मग विकासकाकडून निरोप आला, ‘इमारतीचं काँक्रीट उत्तम असल्याचं सिद्ध झालं, तसं लिहा.’ तेही खोटं. तीन कॉलम पास झाले, इमारत नाही. सातव्या मजल्याची स्लॅब वेगळ्या दिवशी, वेगळ्या गाडीतून आलेल्या काँक्रीटची. तिच्याबद्दल हे तीन कोअर मुके आहेत. मी लिहिलं: या तीन ठिकाणी काँक्रीट कोअरची कसोटी पूर्ण करतं, बाकीच्या भागांची कोअर चाचणी झालेली नाही. दोन्ही पक्ष चिडले. माझ्या हातून आकडेमोडीत चूक झाली असती तरी एवढे चिडले नसते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो आणि तो मला मान्य करावा लागतो. ‘सांगता येत नाही’ हे वाक्य तटस्थ दिसतं, पण तटस्थ असतं का? सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. तेव्हा तज्ज्ञानं हात झटकले की नुकसान सोसायटीचं होतं. त्यातून कागदपत्रं सगळी विकासकाकडे: क्यूब चाचण्यांचं रजिस्टर, कोणती स्लॅब कधी ओतली त्याच्या नोंदी, काँक्रीटच्या गाड्यांच्या पावत्या. ज्याच्याकडे पुरावा आहे त्यानं तो दाबला, की तटस्थ तज्ज्ञ आपोआप त्याच्या कामी येतो. माझ्या व्यवसायबंधूंनी हा आक्षेप कधी मनावर घेतलेला नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य सुचलं की त्यांना वाटतं सुटलो. ते वाक्य म्हणजे तटस्थपणा नाही, आणि खरं पाहता तो निराधार निष्कर्षाचाच एक प्रकार आहे. चंद्रावरचा दगड गच्चीवर पडून गळती झाली, ही शक्यता तरी कुठे नाकारता येते?

पण यावर उपाय म्हणून तज्ज्ञानं दुबळ्याची बाजू घ्यावी का? तशी घेतली की त्याचा अहवाल उलटतपासणीत पहिल्या अर्ध्या तासात कोसळतो आणि दुबळा आणखी दुबळा होतो. सोसायटीच्या ऑडिटरचं नेमकं तेच झालं होतं. ‘एम-२०’ खोटं ठरल्यावर त्याचे भेगांबद्दलचे खरे मुद्देही कोणी ऐकेना. उपाय वेगळा आहे, थोडा कंटाळवाणा आहे. मी विकासकाकडे क्यूब रजिस्टर लेखी मागितलं, प्रत सोसायटीला. आलं नाही. आठवण दिली, तीही दोघांना. मग लवादाला कळवलं, कारण तज्ज्ञाला कागद आणि प्रवेश द्यायला लावण्याचा अधिकार कलम २६ लवादाला देतं. शेवटी आठपैकी पाच स्लॅबच्या नोंदी आल्या. अहवालाच्या परिशिष्टात तक्ता दिला: काय मागितलं, कधी मागितलं, काय आलं, काय आलं नाही. न आलेल्या तीन स्लॅबबद्दल ‘काहीतरी लपवलं’ असं मी लिहिलं नाही. ते अनुमान काढायचा हक्क लवादाचा आहे, आणि त्यासाठी त्याला लागणारी प्रत्येक तारीख त्या तक्त्यात होती. दुबळ्याला तज्ज्ञाच्या सहानुभूतीपेक्षा हा तक्ता जास्त उपयोगी पडतो.

भेगांचं प्रकरण जास्त शिकवणारं होतं. बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, सांगाडा आरसीसीचा. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगवेगळं, म्हणून बीम आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरच्या आत जाळी मारायची असते. सोसायटीच्या ऑडिटरनं चार सांधे फोडून पाहिले होते आणि चारही ठिकाणी जाळी नव्हती. निष्कर्ष: ‘संपूर्ण इमारतीत जाळी वापरलेलीच नाही.’ पण ते चार सांधे निवडले कोणी? सोसायटीनं, सर्वांत वाईट भेगा दाखवून. मी सुमारे सव्वादोनशे सांध्यांना क्रमांक दिले आणि दोन्ही बाजूंच्या समोर, स्टिल्टमधल्या प्लास्टिकच्या टेबलावर, एका डब्यातून आठ चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठ्या काढणाऱ्या वॉचमनच्या मुलाला एवढा मान आयुष्यात कोणी दिला नसावा. दोन वकील श्वास रोखून त्याच्या मुठीकडे पाहत होते. शिवाय दोन सांधे सोसायटीनं सांगितलेले आणि दोन विकासकानं. फोडल्यावर निघालं ते असं: चिठ्ठीच्या आठांपैकी पाचांत जाळी नाही, तिघांत आहे. सोसायटीच्या दोन्हींत नाही. विकासकाच्या दोन्हींत आहे. आपलं घर कुठून बळकट आणि कुठून कच्चं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता बारांपैकी सातांत जाळी नव्हती, असा एकच आकडा देता आला असता. तो खरा आहे आणि फसवाही आहे, कारण बारांतले चार पढवलेले साक्षीदार होते. इमारतीबद्दल बोलायचा हक्क फक्त चिठ्ठीच्या आठांना. आठांत पाच म्हणजे निम्म्याहून जास्त, पण नमुना इतका लहान आहे की ९५ टक्के खात्रीचा नेहमीचा हिशेब मांडला तर इमारतीतलं खरं प्रमाण पाव भागापासून नव्वद टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. मी ते तसंच लिहिलं. सोबत लिहिलं की आणखी तीस सांधे फोडले तर हा पल्ला बराच आवळता येईल. ते करायला विकासक तयार नव्हता, आणि दिवाळीच्या तोंडावर घरातलं प्लास्टर फोडून घ्यायला सदस्यही तयार नव्हते. म्हणून खर्चाचा एक ठोक आकडा न देता एका सांध्याच्या दुरुस्तीचा दर दिला. तो कितीनं गुणायचा हे लवाद ठरवेल. आणि एक अडचणीची गोष्ट दोघांनाही नको होती, तीही लिहिली: चिठ्ठीतल्या जाळी असलेल्या तीन सांध्यांपैकी दोनांतही भेग होती. म्हणजे जाळी नसणं हा दोष खरा, पण सगळ्या भेगांचं कारण तेवढंच आहे असं म्हणता येत नाही.

पक्षपात नेहमी वाक्यांतच असतो असं नाही. सोसायटीच्या अहवालात भेगांचे ५२ फोटो होते, एकातही मोजपट्टी नव्हती, आणि बिनभेगेच्या भिंतीचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा भिंतीला चिकटवून काढलेली अर्ध्या मिलिमीटरची भेग भूकंपातल्यासारखी दिसते. विकासकाच्या अहवालात तीच भेग वीस फुटांवरून, भर दुपारी, नव्या रंगानंतर काढलेली होती. कोणी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. इंग्लंडच्या न्यायालयानं १९९३च्या एका जहाजाच्या खटल्यात तज्ज्ञांची कर्तव्यं नोंदवली. आपल्या मताला छेद देणाऱ्या महत्त्वाच्या बाबी गाळू नयेत, हे त्यातलं एक. फोटोंनाही ते लागू आहे. माझ्याकडे नियम असा की प्रत्येक जागेचे दोन फोटो, एक दुरून आणि एक जवळून पट्टीसह, आणि ज्या खोलीत काही सापडलं नाही तिचाही एक.

‘पण तीस वर्षांचा अनुभव कशासाठी असतो?’ असं परिसंवादातल्या कन्सल्टंट महाशयांनी विचारलं होतं. त्यांना पाहताक्षणी कळतं, म्हणे. कळतं, हे खरं आहे. अनुभवी डोळा दहापैकी आठ वेळा बरोबर असतो, आणि कुठे फोडून पाहायचं हे अनुभवाशिवाय कळतच नाही. पण उरलेल्या दोन वेळांचं काय? एकदा एका बंगल्याच्या भिंतीवरची तिरकी भेग पाहून मी, याच आत्मविश्वासानं, ‘पाया खचल्यामुळे’ असं लिहून मोकळा झालो होतो. कोणीतरी सुचवलं म्हणून भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि गेजनं महिन्याच्या महिन्याला मोजत राहिलो. पाया खचत असता तर भेग वाढत गेली असती. ती उन्हाळ्यात एका बाजूला सरकत होती आणि थंडीत परत येत होती. वरची स्लॅब उन्हानं तापून भिंतीला ढकलत होती, पाया ठणठणीत होता. अहवाल परत घेतला, माफी मागितली. डोळ्यानं संशय घ्यावा आणि मोजमापानं तो खरा-खोटा करावा, यापलीकडे माझ्या अनुभवानं मला काही शिकवलेलं नाही.

दोषी कोण हे लिहायचं की नाही, या प्रश्नावर एक जुनी चौकशी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीजवळचा टे नदीवरचा रेल्वे पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळी रात्री कोसळला. गाडी पुलावर होती, गाडीतलं कोणीच वाचलं नाही. चौकशीला तिघे बसले: रॉदरी हा कायद्याचा माणूस, योलंड हा रेल्वेचा निरीक्षक आणि बार्लो हा इंजिनिअर. पुलाचे तुकडे लंडनच्या डेव्हिड कर्कल्डीच्या चाचणीशाळेत तपासले गेले. त्या इमारतीच्या दारावर ‘तथ्यं, मतं नव्हेत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आजही कोरलेली आहेत. तिरके गज जिथे खांबांना अडकवले होते ते बिडाचे कान अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भाराला तुटले. त्यांतली बोल्टची भोकं ओततानाच काढलेली, म्हणून निमुळती होती आणि बोल्ट सबंध न टेकता कडेवरच टेकत होता. योलंड आणि बार्लो यांनी अहवालात लिहिलं की तिरके गज आणि त्यांचे सांधे वादळाचा जोर सोसायला अपुरे होते, म्हणून पूल पडला. रॉदरीनं वेगळा अहवाल दिला. त्यात त्यानं मुख्य दोष पुलाचा अभियंता सर टॉमस बाऊच याच्यावर ठेवला आणि म्हटलं की माझ्या सहकाऱ्यांचंही मत वेगळं नसावं, फक्त ते बोलून दाखवणं आपलं काम नाही असं त्यांना वाटतं. बाऊच १८८०मध्ये, अहवालाच्याच वर्षी, वारला.

आता सांगा, योलंड आणि बार्लो गुळमुळीत होते का? त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. कोणता भाग, कशापुढे, अपुरा. इंजिनिअरनं सांगण्यासारखं जे होतं ते सगळं त्यात आहे आणि एक अक्षर जास्त नाही. रॉदरीचं चुकलं असंही मी म्हणत नाही. तो न्यायासनावर बसणाऱ्या जातीचा माणूस होता, ठपका ठेवणं त्याच्या पेशात बसत होतं. पण रचना कोणाची, ओतकाम कोणी तपासायचं होतं, सैल झालेले गज नुसत्या फाचरा मारून कोणी चालवून घेतले, हे प्रश्न लोखंडाच्या तुकड्याला विचारता येत नाहीत. पूल पडला तो कशानं, हे तुकडा सांगतो. कोणामुळे, हे माणसांना शपथेवर विचारूनच कळतं. आमचा ऑडिटर क्यूब रजिस्टरही न पाहता ‘फसवणूक’ लिहितो, तेव्हा तो रॉदरीची खुर्ची ओढून बसतो आणि कर्कल्डीची चाचणी मात्र करत नाही.

गळतीकडे येतो, कारण ‘कारण’ आणि ‘दोषी’ यांतला फरक तिथे पैशांत मोजावा लागला. सातव्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन घरांच्या छतावर ओलीचे डाग होते. ७०२ कोरडं होतं, त्याचीही नोंद केली. तपासणी मुद्दाम मार्चमध्ये ठेवली, म्हणजे पावसाचं पाणी मध्ये येणार नाही. गच्चीचे बांध घालून दोन भाग केले आणि एकेका भागात ४८ तास पाणी साठवलं, दोन इंच. चौरस मीटरला साधारण पन्नास किलो वजन. स्लॅबला ते सोसेल याची आधी खात्री करून घेतली, कारण तज्ज्ञाच्या चाचणीनं स्लॅब वाकली तर तो वाद वेगळाच. ७०४चा डाग दुसऱ्या दिवशी सकाळी ओला झाला. तिथे वर पावसाळी पाइपचं तोंड होतं, आणि तोंडाभोवती फोडल्यावर वॉटरप्रूफिंग पाइपपर्यंत नेलेलंच नव्हतं. ७०१चा डागही ओला झाला. त्याच्या बरोबर वर सोलर हीटरचं स्टँड, आणि स्टँडचे बोल्ट ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर, फोडून खाली गेलेले. गच्ची पूर्ण वाळू दिली, मग फक्त त्या बोल्टांभोवती मातीची वाटी करून तेवढ्यातच पाणी ओतलं. डाग पुन्हा ओला. कारण ठरलं.

पण ते स्टँड कोणी बसवलं? सोसायटी म्हणे, विकासकाच्याच माणसानं, ताबा देताना. विकासक म्हणे, सदस्यांनी परस्पर, नंतर. बिल नव्हतं, दोघांकडे साक्षीदार मात्र होते. मला विचाराल तर मनातून मला एकाचं पटलं होतं. ते मी अहवालात लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. लिहिलं ते असं: स्टँड विकासकानं बसवलं असं लवादानं मानलं तर गच्चीच्या दुरुस्तीचा विकासकाच्या कामाशी जोडता येणारा खर्च अमुक, सदस्यांनी बसवलं असं मानलं तर त्यातून ७०१वरच्या भागाचा तमुक खर्च वजा. दोन आकडे, दोन्ही एकाच दरपत्रकावरून काढलेले. लवादानं काहीही मानलं तरी त्याला माझ्याकडे पुन्हा यावं लागू नये, इतपत. याला पळवाट म्हणणाऱ्यांना मी विचारतो, साक्षीदार खरा की खोटा हे छतावरच्या डागावरून ओळखायचं कसं?

शेवटचा आक्षेप वकिलांचा आहे आणि तोही खोटा नाही. लवादानं नेमलेला तज्ज्ञ हा न नेमलेला लवाद होऊन बसतो. निवृत्त न्यायमूर्तींना कोअर आणि कोबा कळत नाही, ते तज्ज्ञाचा अहवाल उचलून निवाड्यात चिकटवतात, आणि बाजूच्या तज्ज्ञांना जेवढं ठोकून पाहिलं जातं तेवढं या तटस्थाला कोणी ठोकत नाही. तटस्थ आहे म्हणजे बरोबरच असणार, असा एक भाबडा समज तयार होतो. तटस्थ माणूस दोन्ही बाजूंना सारखाच चुकीचाही असू शकतो. म्हणून कलम २६मध्ये पुढची पायरी आहे: कोणत्याही पक्षानं मागितलं तर तज्ज्ञानं सुनावणीला यायचं, प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि पक्षांनी आपापले तज्ज्ञ त्याच्यासमोर उभे करायचे. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळतात तेव्हा मी आता स्वतःच सुचवतो की गाळू नका.

कारण ७०३. त्या घराचा डाग गच्चीवरच्या पाण्यानं ओला झालाच नाही. मग पश्चिमेच्या भिंतीवर दोन तास फवारा मारला आणि संध्याकाळपर्यंत ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा चढला. मी लिहिलं, ‘पाणी बाहेरच्या भिंतीवरील भेगांतून येते.’ सुनावणीत विकासकाच्या वकिलांनी फोटो क्रमांक ६३ पुढे केला. खिडकीला सदस्यानं नंतर बसवलेली ग्रिल, तिचे चार स्क्रू, आणि त्यांवरून ओघळणारं फवाऱ्याचं पाणी. “भेगा आणि स्क्रू एकाच वेळी भिजले ना?” भिजले होते. असा फवारा खालून सुरू करून टप्प्याटप्प्यानं वर न्यायचा असतो, प्रत्येक टप्प्यावर थांबून, म्हणजे कोणत्या उंचीवर पाणी आत शिरलं ते कळतं. मला ते माहीत होतं. त्या दिवशी टँकर उशिरा आला होता, पाच वाजत आले होते आणि मी सगळी भिंत एकदम भिजवली होती. हेही तिथेच सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती अजून आठवते. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना आणि लवादाला एक पानाची पुरवणी पाठवली: ७०३चं पाणी पश्चिमेच्या भिंतीतून येतं, भेगेतून की ग्रिलच्या स्क्रूंतून, हे झालेल्या चाचणीवरून सांगता येत नाही, टप्प्याटप्प्यानं फवारा मारल्यास सांगता येईल, एक दिवस आणि एक टँकर लागेल, आणि तो दिवस माझ्या फीमध्ये धरू नये.